ॲपवरून वीजबिल भरलं, पावतीही आली, तरी 1,840 बाकी दिसतंय. लेट फी लागेल का?

सुरंगी | 21 तारीख, सकाळी 9:12

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराचं वीजबिल मी पनवेलहून पेमेंट ॲपवर भरते. या महिन्यात 9 तारखेला 1,290 रुपये भरले. ॲपमध्ये हिरवी खूण आहे, बँकेतून पैसे गेलेत, पावतीही उतरवून घेतली आहे. काल आईच्या मोबाइलवर मेसेज आला की 1,840 रुपये बाकी, शेवटची तारीख 24. वीज कंपनीच्या साइटवर बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून पाहिलं, तिथेही 1,840 च.

म्हणजे माझे पैसे पोचलेच नाहीत आणि वर 550 रुपये दंड बसला, असं समजायचं का? आई म्हणते, लाइन तोडायला येतील, परत भरून टाक. काय करू?

भरती_ओहोटी | 9:40

परत अजिबात भरू नका. पैसे अडकले असते तर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत आले असते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तुमचे बारा दिवसांत आले नाहीत, म्हणजे ते कंपनीकडे पोचलेत, फक्त त्यांच्या सिस्टीमवर चढायचे राहिलेत. 550 ही लेट फी आणि व्याज मिळून असणार. पैसे चढले की तीही निघून जाईल. बिनधास्त थांबा.

कोकम_आगळ | 9:55

1,290 चं बिल एकदम 1,840? रीडिंग चुकलंय हो. बिलावर मीटरचा फोटो असतो, तो आणि पडवीतल्या मीटरवरचा आकडा जुळतो का ते आईंना बघायला सांगा. घर बंद असलं की सरासरीने बिल टाकतात. आमच्या वाडीत निम्म्या घरांचं तसंच होतं.

सुरंगी | 10:03

कोकम_आगळ, रीडिंगची तक्रार नाही हो. आई तिथेच राहते, घर बंद नाही. भरलेलं बिल बाकी का दिसतंय, हा प्रश्न आहे.

कातळशिल्प | 10:31

सुरंगीताई, आधी त्या 550 चं बघू, कारण खरी खूण तिथेच आहे. भरतीभाऊ, ही लेट फी असूच शकत नाही. देय तारीख उलटली की बिलाच्या रकमेवर 1.25 टक्के विलंब आकार लागतो, आणि तो एकदाच. 1,290 चे होतात 16 रुपये. व्याज त्याच्याही पुढचं. बिलाच्या तारखेपासून 60 दिवस उलटल्यावर थकबाकीवर ते सुरू होतं, तेही आधी वर्षाला 12 टक्क्यांनी, म्हणजे हजार रुपयांमागे महिन्याला 10 रुपये. शिवाय ताईंची देय तारीखच 24 आहे, ती अजून उलटलेली नाही. मग दंड कसला?

9 तारखेला भरलेलं बिल 1,290 चं आणि आज दिसणारं 1,840 चं. आकडे इतके वेगळे असतील तर बहुधा ती दोन वेगळी बिलं आहेत. एक तर दोन महिन्यांची, नाहीतर दोन जोडण्यांची. बिलाची तारीख बघा. घरगुती बिलाला साधारण 21 दिवसांची मुदत असते. देय तारीख 24 असेल तर बिल 3 तारखेच्या आसपास निघालेलं असणार. म्हणजे तुम्ही 9 ला भरलंत तेव्हा हेच 1,840 चं बिल निघालेलं होतं. तरी ॲपने 1,290 आणले, तर ते दुसऱ्याच कुठल्यातरी ग्राहक क्रमांकाचे आणले असावेत.

ॲपमधली पावती उघडा, तिच्यावरचा ग्राहक क्रमांक आणि आईकडच्या कागदी बिलावरचा क्रमांक शेजारी शेजारी ठेवा. इथे पूर्ण नंबर टाकू नका, शेवटचे चार अंक पुरे.

सुरंगी | 11:20

बघितलं. पावतीवर 12 अंकी नंबर आहे, शेवटी 7702. आईच्या बिलावर शेवटी 5138. अजिबात जुळत नाही, पहिले अंकही वेगळे. म्हणजे पैसे कुठल्या परक्याच्याच खात्यात गेले?

कातळशिल्प | 11:34

थांबा, घाबरू नका. पहिले अंकही वेगळे आहेत म्हणताय, तर तो यूपीआयचा संदर्भ क्रमांक वाटतो. तोही 12 अंकीच असतो आणि ग्राहक क्रमांकही 12 अंकी, त्यामुळे ही गल्लत फार होते. कार्यालयात लोक तोच नंबर सांगतात, समोरचा तो टाकून बघतो आणि ‘असा ग्राहकच नाही’ म्हणून मोकळा होतो.

पावतीवर तीन वेगळे नंबर शोधा. एक, यूपीआयचा, बहुतेक वेळा बँकेच्या नावाजवळ असतो. हा बँकेशी बोलताना लागतो. दुसरा `B-Connect Txn ID`, इंग्रजी अक्षरं आणि अंक मिसळलेला, 20 चिन्हांचा. हा भारत कनेक्टचा, म्हणजे पूर्वी ज्याला बीबीपीएस म्हणायचे त्या बिल भरण्याच्या यंत्रणेचा नंबर. ॲप आणि वीज कंपनी यांच्यामध्ये तुमचा पैसा याच नंबराने ओळखला जातो. तिसरा ग्राहक क्रमांक, बहुतेक वीज कंपनीच्या नावाखाली, बारीक अक्षरात. मला हा तिसरा हवाय.

सुरंगी | 11:52

बरोबर, मी यूपीआयचाच नंबर बघत होते. ग्राहक क्रमांक खाली होता, शेवटचे चार 5120. आईच्या बिलावर 5138. आधीचे आठही अंक तेच. पण ॲपमध्ये बिल आलं तेव्हा नाव आजोबांचंच होतं, ते मी नीट वाचून मग पुढे गेले होते!

ओसरी | 12:05

सुरंगी, तुमच्याकडे आजोबांच्या नावावर दुसरा मीटर आहे का? गोठा, विहिरीवरचा पंप, रस्त्याकडचा गाळा, असं काही? देवगडकडे घरटी असे दोन-तीन मीटर असतात आणि सगळे अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर.

सुरंगी | 12:11

गाळा आहे! शृंगारतळीच्या रस्त्याला, भाड्याने दिलाय. त्याचं बिल भाडेकरूच भरतो. दोन वर्षांपूर्वी मध्ये काही महिने गाळा रिकामा होता, तेव्हा मी ॲपवरून भरलं होतं.

कातळशिल्प | 12:48

मग उलगडा झाला. ॲप एकदा भरलेला ग्राहक क्रमांक जपून ठेवतं. पहिल्या पानावर दोन चौकोन दिसतात, दोन्हींवर वीज कंपनीचं तेच चिन्ह आणि तेच नाव. नंबराचे शेवटचे तीन-चार अंक फक्त पुसट दिसतात. गाळ्याचं बिल निघालं की ॲप आठवण देतं, माणूस त्या आठवणीवरच बोट ठेवतो आणि बिल भरलं जातं.

पैसे भरण्याआधी नाव तपासा असा सल्ला सगळेच देतात. चुकून तिसऱ्याच माणसाचा नंबर पडला तर तो उपयोगी आहे. पण दोन्ही जोडण्या एकाच नावावर असतील तर नाव बघून काहीच कळत नाही. तिथे शेवटचे चार अंकच बघावे लागतात. ॲपमध्ये प्रत्येक नंबराला टोपणनाव देता येतं, आजच ‘घर 5138’ आणि ‘गाळा 5120’ असं लिहून ठेवा.

आता करायचं काय. तुमचं पेमेंट बुडालेलं नाही, अडकलेलंही नाही. ते गाळ्याच्या खात्यात व्यवस्थित जमा झालेलं असणार. वीज कंपनीच्या साइटवर किंवा त्यांच्या ॲपवर 5120 चा पूर्ण क्रमांक आणि बिलावरचा चार अंकी बिलिंग युनिट टाका, पेमेंट हिस्टरी उघडा. 9 तारखेचे 1,290 तिथे दिसायला हवेत. आणि घराचं 1,840 चं बिल अजून कोणी भरलेलंच नाही, म्हणून ते बाकी दिसतंय. ते 24 च्या आत भरा. हे ‘परत भरणं’ नव्हे, पहिल्यांदाच भरणं आहे.

भरती_ओहोटी | 13:10

माझं चुकलं, दोन जोडण्या असतील हे डोक्यात आलं नाही. पण मग 1,840 पुन्हा खिशातून कशाला? ॲपमध्ये तक्रार टाकून 1,290 घराच्या नंबरवर वळवून घ्या आणि वरचे 550 भरा. खातं एकाच माणसाचं आहे, वळवायला काय हरकत?

कातळशिल्प | 13:37

ॲपकडून हे होणार नाही. क्रमांक खरा होता, त्यावर बिल होतं, कंपनीने पैसे स्वीकारल्याचं उत्तर पाठवलं. भारत कनेक्टच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण झाला. तक्रार टाकलीत तर दोन-चार दिवसांनी ‘व्यवहार यशस्वी’ असं लिहून ती बंद होईल, तोवर 24 तारीख गेलेली असेल.

एका ग्राहक क्रमांकावरची जमा दुसरीकडे वळवायचा अर्ज वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात, बिलिंगच्या टेबलावर द्यावा लागतो. सोबत पावती, दोन्ही बिलांच्या प्रती, आणि दुसरा क्रमांक परक्याचा असेल तर त्याची लेखी संमती. त्यांनी मान्य केलं तरी ते पुढच्या एखाद्या बिलात दिसतं. परक्याच्या खात्यात पैसे गेले असतील तर हा खटाटोप करायलाच हवा. इथे त्याची गरज नाही. गाळ्याचं बिल भाडेकरू भरणार होता, ते तुमच्याकडून भरलं गेलं. त्याच्याकडून 1,290 घ्या, पावती त्याला पाठवा, विषय संपला.

एकच गोष्ट आधी विचारा, त्याने तुमच्या आधी किंवा नंतर हेच बिल भरलं का. भरलं असेल तर गाळ्याच्या खात्यात 1,290 जास्तीचे आहेत. ते पुढच्या बिलावर वजा चिन्हाने दिसतील आणि त्यातून बिल कापलं जाईल. तेव्हा भाडेकरूशी हिशेब त्या बिलाच्या वेळी करा.

दर्यावर्दी | 15:22

धागा वाचला, पण माझं प्रकरण वेगळं आहे. मालवण. काल देय तारीख होती. रात्री 11:40 ला 2,400 भरले. बँकेतून कापले गेले, ॲपमध्ये अजून पिवळं ‘पेंडिंग’. मी लगेच दुसऱ्या ॲपवरून बिल आणून पाहिलं, तिथेही बाकीच. आता दुप्पट भरायचं का? आणि तारीख कोणती धरतील?

भरती_ओहोटी | 15:40

पाच दिवस थांबा, आपोआप परत येतील. इथे तरी माझं म्हणणं लागू पडतंय.

कातळशिल्प | 16:15

हो, इथे पडतंय. पण थोडं नेमकं सांगतो. दुसऱ्या ॲपवरून बिल आणून बघणं ही चांगली चाचणी आहे. आठवणीचा चौकोन ॲपच्या स्वतःच्या साठ्यातून येतो, तो शिळा असू शकतो. पण ग्राहक क्रमांक टाकून बिल नव्याने आणलंत की ते वीज कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. तिथे ‘बिल बाकी नाही’ असं आलं तर पैसे चढलेत, मग तुमच्या ॲपवर काहीही रंग दिसो. अजून बाकी येत असेल तर मधे कुठेतरी उत्तर यायचं राहिलंय.

पेंडिंगचा शेवट दोनच प्रकारे होतो, एक तर यशस्वी, नाहीतर पैसे परत. यूपीआयने व्यापाऱ्याला किंवा बिलासाठी भरलेले पैसे कापले गेले आणि समोरून खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. 2019 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. मात्र हा नियम तुमच्या आणि बँकेच्या मधला आहे. वीज कंपनी त्या पाच दिवसांसाठी देय तारीख पुढे ढकलत नाही, म्हणून ‘नुसतं थांबा’ म्हणणं अपुरं पडतं.

दुप्पट भरायचं का, ते आकड्यावर ठरवा. 2,400 वर 1.25 टक्के म्हणजे 30 रुपये, आणि तुमची तारीख कालच गेली. आज दुसऱ्यांदा भरून ते 30 वाचणार नाहीत. तेव्हा तुम्ही थांबा. पैसे परत आले तर त्याच दिवशी भरा, बिलावर ‘या तारखेनंतर भरल्यास’ म्हणून जी रक्कम छापलेली असते ती.

देय तारखेला एक-दोन दिवस असताना पेंडिंग पडलं असतं तर मी उलट सांगितलं असतं. हाताशी पैसे असतील तर दुसऱ्या मार्गाने भरून टाका. पहिलं पेमेंट मागाहून यशस्वी झालं तरी ते बुडत नाही, पुढच्या बिलाला लागतं. ज्याला महिन्याचा हिशेब तंग आहे त्याने मात्र 30 रुपयांसाठी 2,400 अडकवू नयेत.

दर्यावर्दी | 16:28

आणि तारीख? मी 11:40 ला भरलं, ते आज चढलं तर काल भरलं असं धरणार की आज?

कातळशिल्प | 16:50

चढल्यावर पेमेंट हिस्टरीत जी तारीख दिसेल ती पुढच्या बिलाला लागू होते. कालची दिसली तर प्रश्नच नाही. आजची दिसली आणि पुढच्या बिलात विलंब आकार आला, तर ॲपची पावती, कालची वेळ दाखवणारं बँकेचं विवरण आणि तो `B-Connect` नंबर जोडून उपविभागाला लेखी अर्ज करा. ते 30 रुपये सोडतील की नाही याची खात्री मी देत नाही. अर्जाची पोच मात्र घ्या.

ओसरी | 17:20

सुरंगी, आईंना एक सांगून ठेवा. बाकी दिसतंय म्हटलं की याच दिवसांत दुसरे मेसेज येतात, ‘आज रात्री 9:30 ला वीज तोडणार, या नंबरवर अधिकाऱ्याला फोन करा.’ ते साध्या मोबाइल नंबरवरून आलेले असतात. फोन केला की एखादं ॲप उतरवायला सांगतात, नाहीतर दहा रुपये भरून ‘बिल अपडेट’ करायला सांगतात, आणि खातं रिकामं होतं. कंपनीचा मेसेज `MSEDCL` असं नाव असलेल्या प्रेषकाकडून येतो. आईंचा मेसेज कुठून आलाय ते बघा.

कातळशिल्प | 17:41

ओसरीताईंचं अगदी खरं. आणि आईंना धीर द्यायला हेही सांगा, की वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. देय तारीखच उलटलेली नसताना रात्री साडेनऊला कोणी खांबावर चढत नाही.

सुरंगी | 20:05

आईचा मेसेज बघितला, नाव बरोबर आहे आणि रक्कम साइटशी जुळते. घराचे 1,840 भरले. या वेळी बिल आल्यावर 5138 मोठ्याने वाचून आईला फोनवर ऐकवला, मगच पुढे गेले. तासाभराने दुसऱ्या ॲपवरून बिल आणून पाहिलं, बाकी नाही असं आलं.

गाळ्याच्या खात्यात 9 तारखेचे 1,290 दिसतायत. पण खाली 14 तारखेचे आणखी 1,290 आहेत! भाडेकरूला विचारलं तर तो म्हणतो, मी बाजारातल्या दुकानात रोख देऊन भरलं, दुकानदाराने कागद दिला.

भरती_ओहोटी | 20:18

9 ला भरलेलं बिल 14 ला परत कसं भरलं गेलं? बिल बाकी नाही म्हणून नाकारायला हवं होतं ना?

कातळशिल्प | 20:44

बिल आणून भरणारे बहुतेक मार्ग नाकारतात, पण सगळेच नाही. कुठे भरणारा रक्कम हाताने टाकतो आणि कंपनी ती आगाऊ रक्कम म्हणून स्वीकारते. भाडेकरूच्या कागदावर व्यवहाराचा नंबर आहे का ते बघा. हिस्टरीत जमा दिसतेय म्हणजे पैसे पोचलेत, हे महत्त्वाचं.

आता गाळ्याच्या खात्यात 1,290 जास्त आहेत. गाळ्याचं पुढचं बिल समजा 1,300 आलं, तर भरायला जेमतेम 10 रुपये येतील. ते बिल खरं भाडेकरूचं, आणि त्यातले 1,290 तुमचे. तेव्हा ते बिल आलं की तो 1,290 तुम्हाला देईल असं आजच मेसेजवर लिहून घ्या. मधे त्याने गाळा सोडला तर जमा रक्कम मीटरपाशीच राहते, त्याच्याबरोबर जात नाही.

कोकम_आगळ | 21:02

आजोबांच्या नावावरच्या दोन्ही जोडण्या आता आईंच्या नावावर करून घ्या ना. वारस दाखला लागतो म्हणतात.

ओसरी | 21:15

नाव बदलून हा गोंधळ सुटणार नाही, कोकम. मग दोन्ही बिलांवर आईंचं नाव येईल. पण नावबदल करायलाच हवा. त्याची कागदपत्रं हा मोठा विषय आहे, वेगळा धागा काढा, मला गोठ्याच्या मीटरसाठी हवाय.

दर्यावर्दी | 22 तारीख, सकाळी 8:30

माझं अजून पिवळंच आहे. बिल आणून बघतो तर 2,400 बाकी, रक्कम वाढलेली नाही. देय तारीख गेल्यावर 2,430 यायला हवी होती ना?

कातळशिल्प | 9:05

तसं दोन प्रकारे होऊ शकतं. काही वेळा आणलेल्या बिलात मूळ रक्कमच येते आणि विलंब आकार पुढच्या बिलात लावतात. नाहीतर तुमचं पेमेंट त्यांच्याकडे नोंद व्हायच्या वाटेवर असेल. 2,400 दिसतंय म्हणून आज नव्याने भरू नका, पाचवा दिवस जाऊ द्या. आजच ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. पुढे बँकेकडे किंवा लोकपालाकडे जावं लागलं तर पहिल्या तक्रारीची तारीख विचारतात, आणि लोकपालाकडे जायला तिच्यानंतर 30 दिवस उत्तर न मिळणं किंवा उत्तर न पटणं लागतं.

दर्यावर्दी | 9:20

नोंदवली. पाचव्या दिवशी काय झालं ते इथेच लिहितो.